केक तोच, हिशेब चुकलेला: मुलुंडच्या एका दरवाढीच्या पत्राची गोष्ट

माझी नणंद मुलुंड पूर्वेला राहते. वन बीएचकेच्या स्वयंपाकघरात एक ओटीजी, एक टर्नटेबल आणि फ्रिजचा अर्धा भाग एवढ्या भांडवलावर ती सात वर्षं घरी केक करते आहे. मी एका कारखान्यात कॉस्टिंग बघते. तिने पहिलं दरवाढीचं पत्र पाठवलं तेव्हा मला काहीच विचारलं नव्हतं. दुसरं मात्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. त्या दोन पत्रांच्या मध्ये जे कळलं, ते इथे लिहिते आहे.

पहिलं पत्र गेलं ४ ऑक्टोबर २०२५ ला, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. ते असं होतं:

"नमस्कार मंडळी, कळवण्यास खेद होतो की कच्च्या मालाच्या सतत वाढणाऱ्या किमतींमुळे आम्हाला नाइलाजाने सर्व केकचे दर २५ टक्क्यांनी वाढवावे लागत आहेत. नवे दर आजपासून लागू होतील. आपण समजून घ्याल आणि असाच लोभ ठेवाल ही अपेक्षा."

भाषा सरकारी परिपत्रकाची होती, पण तो दोष किरकोळ. खरा घोळ वेळेचा झाला. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले होते. केक-पेस्ट्रीवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला होता, चॉकलेट आणि कोकोवरचाही तसाच, आणि लोण्यावरचा १२ वरून ५ वर. वर्तमानपत्रांत आठवडाभर तेच चाललं होतं. आणि हिने पत्र टाकलं ते सोसायटीच्या ग्रुपवर, जिथे तिसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्तीनंतरही लोकांचे रिटर्न भरून देतात. दहा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: "अहो, कर उतरला, लोणी उतरलं, मग केक चढला कसा?" त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. हिने त्यावर जे लिहिलं त्यात मुद्दा कमी आणि राग जास्त होता. रात्री मला फोन आला, "वहिनी, आता काय करू?"

काकांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. केकवरचा जीएसटी कमी झाल्याने हिचा केक स्वस्त होणार नव्हता, कारण तिने कधी जीएसटी लावलाच नव्हता. माल विकणाऱ्याला वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही आणि ही त्याच्या आसपासही नाही. मोठ्या बेकरीच्या बिलातला कर उतरला, तो हिच्या बिलात नव्हताच. पण ती जे सामान विकत घेते त्यावरचा कर मात्र खरोखर उतरला होता. लोण्याचा अर्धा किलोचा पुडा आठवडाभरात वीस रुपयांनी स्वस्त झाला. म्हणजे "सतत वाढणाऱ्या किमती" हे वाक्य, निदान त्या आठवड्यात, खरं नव्हतं. आणि गिऱ्हाईक वाण्याकडे रोज जातंच.

मी तिला म्हटलं, "आधी सामान किती महागलं ते बघू, मग भांडू."

ती बिलं फेकत नाही, हे नशीब. क्रॉफर्ड मार्केटमधली घाऊक बिलं एका बरणीत कोंबलेली होती. आम्ही २०२३ च्या ऑक्टोबरची आणि २०२५ च्या ऑक्टोबरची बिलं समोरासमोर ठेवली. सर्वांत जास्त चढलं होतं डार्क कंपाउंड, म्हणजे केकसाठी विटेच्या आकारात मिळणारं स्वस्तातलं चॉकलेट. त्यामागे दोन कारणं होती. घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं कोकोचं पीक सलग बिघडलं आणि २०२४ मध्ये जगाच्या बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. शिवाय कंपाउंडमध्ये कोको बटर नसतं, त्याजागी वनस्पती तेलाची चरबी असते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. व्हिप्ड टॉपिंगही बहुतेक अशाच चरबीचं, म्हणून तेही चढलं. पुढे २०२५ मध्ये कोको जगात उतरत गेला, तेलावरचं शुल्कही थोडं कमी झालं, पण दुकानातली वीट मात्र वरच्याच भावावर बसून राहिली. लोणी, मैदा, साखर यांत म्हणावी अशी हालचाल नव्हती.

हे सगळं धरून दोन किलोच्या चॉकलेट केकमागे सामानाचा खर्च दोन वर्षांत १६५ रुपयांनी वाढला होता. तिचा थीम केकचा दर होता किलोला १,१००, म्हणजे दोन किलोला २,२००. त्यावर १६५ म्हणजे साडेसात टक्के, आणि पत्रात तिने मागितले होते पंचवीस. सांगितलेल्या कारणात मागितलेली वाढ बसतच नव्हती. काकांनी बिलं मागितली असती तर आणखी पंचाईत झाली असती.

मग पंचवीसचा आकडा आला कुठून? "असंच वाटलं. हातात काही उरत नाही ना," ती म्हणाली. हे मात्र खरं होतं. उरत का नाही, हे शोधायचं राहिलं होतं.

त्यासाठी ऑगस्टमधला एक केक घेतला, कारण त्याचे सगळे कागद आणि फोटो होते. घाटकोपरच्या एका पाच वर्षांच्या मुलाला लोकल ट्रेनचं वेड होतं. त्याच्या आईला वाढदिवसाला लोकलचा डबा हवा होता: दोन किलो, अंडं नसलेला, वर पँटोग्राफ, खिडक्यांना गज, आणि पुढे केबिनमध्ये मोटरमन. दर ठरला किलोप्रमाणे २,२००. पोचवण्याचं टॅक्सीभाडंही हिनेच भरलं, कारण असा केक दुसऱ्याच्या हातात द्यायची तिची छाती होत नाही.

खर्च असा निघाला. स्पंजचं सामान २६०, गनाश म्हणजे चॉकलेटचा लेप, त्याचं कंपाउंड आणि क्रीम २३५, फॉन्डंट म्हणजे सजावटीचा साखरेचा गोळा, तो आणि रंग २५०, जाड बोर्ड आणि उंच खोका १६०. वीज ८० रुपये, आणि त्यात ओटीजीपेक्षा एसीचा वाटा मोठा. मुंबईच्या ऑगस्टमध्ये फॉन्डंटचं काम एसीशिवाय होत नाही, हवेतला ओलावा शोषून ते चिकट होतं आणि घाम सुटल्यासारखं चमकतं. टॅक्सी २८०. सगळे मिळून १,२६५ रुपये, म्हणजे हातात उरले ९३५.

आता वेळ. मोबाईलवरचे मेसेज, फोटोंवरच्या वेळा आणि तिची आठवण जुळवून आम्ही हिशेब मांडला. भाजणं, थंड करणं, थर भरणं, कापून डब्याचा आकार देणं आणि गनाशने गुळगुळीत करणं याला तीन तास. पुढचे आठ तास फक्त हातकामाचे. एकट्या मोटरमनला दीड तास लागला, आणि तो तीन दिवस आधी करावा लागला, कारण कडक व्हावं म्हणून सीएमसी पावडर घालून मळलेलं फॉन्डंटसुद्धा पावसाळ्यात लवकर सुकत नाही आणि मान वाकडी होते. खिडक्यांचे गज सुरीच्या पात्यावर एकेक कापलेले. पँटोग्राफ आधी नुसत्या फॉन्डंटचा केला, तो रात्रीत लोंबला. मग कच्च्या स्पगेटीच्या काड्या आत घालून दुसरा केला. आणि त्या आईशी झालेले चाळीसएक मेसेज, "पट्टा जांभळा की निळा" वगैरे, त्यांचाच आणखी एक तास, तो हिशेबात धरलाच नाही.

अकरा तासांचे ९३५, म्हणजे तासाला ८५ रुपये.

मग मी तिचा साधा ट्रफल केक घेतला. एक किलो, ९०० रुपये, वर नाव आणि चॉकलेटच्या गोलाया. सामान, खोका, वीज मिळून ३९०. उरले ५१०, वेळ पावणेदोन तास. तासाला २९० च्या आसपास.

आम्ही दोघी थोडा वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसलो. तिची समजूत अशी होती की साध्या केकवर पोट चालतं आणि थीमच्या केकवर "चांगले सुटतात", कारण त्याचा दर किलोला दोनशेने जास्त. उलटच होतं. साधा केक लोकलचं भाडं भरत होता. आणि सगळ्या केकना सरसकट पंचवीस टक्के लावून तिने काय केलं असतं? ज्या साध्या केकवर सुटत होतं त्याचं गिऱ्हाईक घालवलं असतं, आणि लोकल तासाला ८५ वरून १३५ वर नेली असती.

दोष टक्क्यांत नव्हता, किलोत होता. सामान वजनाप्रमाणे वाढतं, हातकाम वाढत नाही. मोटरमन अर्ध्या किलोच्या केकवर बसवा नाहीतर तीन किलोच्या, त्याला दीड तासच लागतो. त्यामुळे किलोवर थीमचा दर लावला की सर्वांत लहान केक सर्वांत जास्त बुडवतो. आणि मुंबईत तिघांचं घर, फ्रिज लहान, म्हणून अर्ध्या किलोचा थीम केक हीच तिची सर्वांत जास्त येणारी ऑर्डर होती. ५५० रुपयांत वर युनिकॉर्न.

नवा दर म्हणून दोन भागांत मांडला. केक वजनावर, सगळ्यांना एकच: किलोला ९००. हातकाम वेगळं, वजनाशी संबंध नाही. वरून लावायची थीम असेल तर ६००, केकच कापून आकार द्यायचा असेल तर १,६०० पासून पुढे. १,६०० चा आकडा लोकलच्या आठ तासांना तासाचे २०० धरून आला. २०० का, तर साध्या केकला २९० सुटतात हे आता माहीत होतं. त्याहून थोडं कमी चालेल, असं ती म्हणाली, कारण हे काम तिला आवडतं. माझ्या धंद्यात असं कारण कुणी लिहून देत नाही, पण कारखान्याची मालकीण ती होती.

लोकल आता १,८०० अधिक १,६००, म्हणजे ३,४०० रुपयांची झाली. टॅक्सी वेगळी. खर्च ९८५ वजा जाता २,४१५ उरतात, तासाला सुमारे २२०. तरीही साध्या केकपेक्षा कमीच.

अर्ध्या किलोवर आमचं भांडण झालं. हिशेबाने तो ५५० वरून थेट १,०५० होत होता. मी म्हटलं, लिहून टाक. ती म्हणाली, "वहिनी, एवढा आकडा बघून माणसं पुढचं वाचणारच नाहीत." तिचं बरोबर होतं. शेवटी अर्ध्या किलोत फॉन्डंटची थीम बंदच केली आणि त्याजागी छापील कागदी टॉपर लावलेला साधा केक ठेवला, ५५० लाच. दर वाढवण्याऐवजी वस्तू बदलली.

दुसरा वाद तासांवरून. तिला पत्रात लिहायचं होतं, "हातकामाचे तासाला २०० रुपये." मी अडवलं. तासाचा दर सांगितला की गिऱ्हाईक घड्याळ लावतं, आणि गेल्या वेळी आठ तास लागले तर या वेळी हात बसला असेल ना, सहाच धर, इथून घासाघीस सुरू होते. त्यात शिकून वेगाने काम करणाऱ्याचाच तोटा. तास एकदाच सांगायचे, ओळखीच्या एका केकचे. दर मात्र केकचा.

दुसरं पत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलं:

"नमस्कार. १ डिसेंबरपासून माझ्या काही केकचे दर बदलत आहेत. सगळ्यांचे नाही, म्हणून आधी न बदलणारे सांगते.

साधे केक (ट्रफल, बटरस्कॉच, पायनॅपल, रसमलाई, वर नाव आणि क्रीमची सजावट): ९०० रुपये किलो, आहेत तेच.

थीम केक (वर फॉन्डंटची सजावट, कमीत कमी एक किलो): वजनाच्या दरावर ६०० रुपये.

आकाराचे केक (गाडी, किल्ला, लोकल, कमीत कमी दोन किलो): वजनाच्या दरावर १,६०० रुपयांपासून. ऑगस्टमधल्या लोकलचा फोटो खाली आहे. तो तेव्हा २,२०० ला दिला होता, आता ३,४०० ला होईल.

सामान थोडं महाग झालं, थोडं स्वस्त झालं, हे त्याचं कारण नाही. त्या लोकलला भाजण्याखेरीज आठ तास हातकाम होतं आणि आजवर ते मी दरात धरतच नव्हते. मागच्या महिन्यात मी सरसकट वाढ कळवली होती आणि कारणही चुकीचं दिलं होतं. ते पत्र रद्द समजा.

३० नोव्हेंबरपर्यंत ठरलेल्या केकना जुना दर राहील, केक जानेवारीत हवा असला तरी. पोचवण्याचं भाडं जे होईल ते, किंवा तुम्ही घेऊन जा.

बजेट आधी सांगितलंत तर सोपं जाईल. तीच लोकल आडव्या केकवर सपाट केली तर दोन किलो २,४०० ला होते, आणि मुलाला ती लोकलच दिसते."

"रद्द समजा" हे वाक्य तिला नको होतं. माझा त्यावर हट्ट होता. काकांनी तो मुद्दा पुन्हा काढायच्या आत तो पत्रातच संपवायला हवा होता.

या वेळी ग्रुपवर टाकलं नाही. ग्रुपमध्ये एकाने नाक मुरडलं की दहा जणांचं मत तिथेच ठरतं, आणि केक कधीच न घेतलेला माणूसही बोलतो. ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे प्रत्येकाला ते स्वतंत्र दिसतं. त्यात एक मेख आहे: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. दोन दिवसांनी बघितलं तर बऱ्याच नावांपुढे एकच टिक होती. त्यांना एकेकाला पाठवलं. ज्या आठ घरांतून दरवर्षी केक जातो त्यांना तिने फोन केला. लोकलवाल्या आईला पहिला, कारण तिच्याच केकचा दाखला दिला होता आणि फोटो वापरायची परवानगीही घ्यायची होती. ती म्हणाली, "अहो ताई, मला तेव्हाच वाटलं होतं की तुम्ही कमी लावलेत." हे ऑगस्टमध्ये बोलली असती तर!

जुन्या दराची मुदत दिली त्याचा फटका बसला. ३० नोव्हेंबरच्या आत तीन आकाराचे केक जुन्या दराने ठरले, त्यातला एक जानेवारीतला किल्ला. तीन केकवर मिळून साडेतीन हजारांच्या वर गेले. तिचं म्हणणं, ठरलेलं पाळायचं. मी पुढच्या वेळी मुदत दहा दिवसांची ठेवीन.

नव्या दराने डिसेंबरात आकाराचे केक तीन झाले. त्याआधीच्या डिसेंबरात ते सहा होते. सहांचे ढोबळमानाने ६६ तास आणि उरलेले साडेपाच हजार, तर या तिनांचे ३३ तास आणि सव्वासात हजार. जुन्या दराचे यात धरलेले नाहीत. एकाने आकाराऐवजी सपाट घेतला. अर्ध्या किलोच्या थीमवाल्या पाच जणांपैकी तिघांनी कागदी टॉपर घेतला आणि दोघं गेले. त्यांतल्या एकीने स्पष्ट सांगितलं, "आम्ही तिघंच, किलोभर कोण खाणार?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. साध्या केकचं एकही गिऱ्हाईक हललं नाही.

एक भोक मात्र राहिलं होतं. "थीम केक, ६०० रुपये" यात थीम म्हणजे किती, हे आम्ही लिहिलंच नव्हतं. नाताळच्या आठवड्यात भांडुपहून एक ऑर्डर आली: समुद्राची थीम, एक किलो, आणि फोटोत मोजले तर शिंपले, मासे, खेकडे धरून सव्वीस तुकडे, सगळे हाताने. शब्द दिलेला होता म्हणून तिने केला. पाच तास गेले. आता यादीत "थीम केक: पाच तुकड्यांपर्यंत, पुढे प्रत्येक तुकड्याला ४० रुपये" असं लिहिलं आहे. साच्यात दाबून निघणारे शिंपले मोजायचे की नाही, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. ती म्हणते नाही, कारण दोन मिनिटांत दहा निघतात. मी म्हणते, रंगवायला दहा मिनिटं लागतात ती कुणाची?